सातवी रेघ

मी एकदा नऊ मुलांना नापास केलं, कारण त्यांनी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

हे वाक्य आता मी चारचौघांत न अडखळता सांगतो, वर टाळी मागतो. त्या शनिवारी सकाळी मात्र ते तोंडातून बाहेर पडायला दोन तास लागले. त्या दोन तासांत माझ्या अंगातलं जेवढं पाणी आटलं, तेवढं पुढं टायफॉइडमध्येही आटलं नाही.

मराठवाडा नव्या राज्यात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी उस्मानाबादच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. शिकवायचो म्हणजे हंगामी शिकवायचो. दर जूनला मुख्याध्यापकांच्या एका सहीनं मी नव्यानं शिक्षक व्हायचो, आणि ती सही होईपर्यंत मे महिनाभर मला जेवण जायचं नाही.

शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्या कपाटात बारीक जाडी मोजायचा एकच व्हर्नियर कॅलिपर. जुन्या राजवटीतला. किती पिढ्यांनी त्याचे जबडे उघडमिट केले होते कोण जाणे, त्यांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती. मॅट्रिकच्या वर्गात सत्तावीस मुलं. एकानं माप घ्यायचं, सव्वीस जणांनी त्याच्या मानेवर श्वास सोडायचा. हातातून हातात जाताना कुणाचा तरी अंगठा लागून सरकती पट्टी हलायची, आणि एकाच सळईची जाडी सत्तावीस प्रकारची निघायची. तपासायचं काय, कपाळ?

तेव्हा मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की घरचे लोक आधी दार लावून घेतात, पण शाळेत तशी सोय नव्हती. कल्पना अशी, की कॅलिपरचा फोटोच काढायचा. दोन फोटो. एक जबडे मिटलेले असताना, दुसरा जबड्यांत लोखंडी सळई धरलेली असताना. मोठ्या आकारात छापून पुठ्ठ्यावर डकवायचे आणि परीक्षेत तेच मुलांसमोर ठेवायचे. कागदावरची रेघ कुणाच्या अंगठ्यानं हलणार नव्हती.

फोटो काढले ते चौकातल्या स्टुडिओवाल्या चाचांनी. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता. चाचांनी काळ्या कापडावर कॅलिपर आडवा ठेवला, भाता असलेला मोठा लाकडी कॅमेरा वरून टांगला आणि डोक्यावर बुरखा घेऊन आत शिरले. कॅमेरा बरोबर रेघांच्या डोक्यावर हवा, तिरका असला तर रेघेसमोरची रेघ बदलून दिसते, असं मी त्यांना चार वेळा बजावलं. चौथ्या वेळी बुरख्यातून आवाज आला, "मास्तरसाब, नवरा-नवरीच्या फोटोला बी इतकी कटकट न्हाय व्हत. तुमी जरा भायेर जावा."

फोटो फार सुरेख आले. प्रत्येक रेघ केसासारखी स्वच्छ. मी ते मुख्याध्यापकांना दाखवले. ते जुन्या काळी उर्दूतून शिकलेले, गणिताचे माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, उलट रागावले की आणखी खाली आणायचे. त्यामुळं ते कुजबुजायला लागले की सगळी शाळा भिंतीला चिकटायची. फोटो बघून ते म्हणाले, "उम्दा आहे." मी आठ दिवस हवेत होतो.

चाचणी परीक्षा झाली. प्रात्यक्षिकात एवढं एकच माप होतं. शाळेचा कायदा असा होता, की विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात जो नापास, त्याचा बोर्डाचा फॉर्म विज्ञान सोडून भरायचा. मी उत्तर काढलं, पेपर तपासले, यादी फळ्यावर लावली. शनिवारी दुपारी बाराच्या गाडीनं शिपाई ती यादी आणि फॉर्म घेऊन औरंगाबादला जाणार होता. शेवटची तारीख सोमवारची होती.

शनिवारी सकाळची शाळा. साडेआठला मी प्रयोगाच्या खोलीत एकटाच बसून नखं काढत होतो. दारात चाचांचा मुलगा उभा राहिला.

"सर, येऊ?"

"ये. काय?"

"माझं कुठं चुकलं ते बगायचं व्हतं."

त्याचं नाव नापासांच्या यादीत होतं. पोरगा हुशार, पण अशा वेळी शिक्षकानं चेहरा कसा करायचा असतो ते मला ठाऊक होतं. मी तो केला. "शून्य त्रुटी! वर्षभर घसा कोरडा केला तरी तुमच्या डोक्यात शिरत नाही."

"मी शून्य त्रुटी धरली सर."

"धरली तर उत्तर चोवीस पूर्णांक आठ कसं आलं?"

"मग किती याला पाहिजे?"

"तेवीस पूर्णांक आठ."

तो खाली बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "सर, विज्ञान गेलं तर मला तंत्रशाळेत घेणार न्हाईत. अब्बा म्हणत्यात, मग सोमवारपासून दुकानात बस, फोटो धुवायला. एवढं एकदा दाखवा, मग जातो."

मी मोठ्या औदार्यानं कपाटातून पुठ्ठा काढला. दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "हे बघ. मुख्य पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा. सरकत्या पट्टीवर दहा भाग, ते नऊ मिलिमीटरांत बसवलेले. म्हणजे एका भागाचा फरक एक दशांश मिलिमीटर. हे झालं लघुतम माप. सरकत्या पट्टीचं शून्य चोविसाच्या पुढं गेलंय, पंचवीस झालेलं नाही. आणि पाचवी रेघ समोरच्या रेघेला जुळलीय. पाच गुणिले एक दशांश. चोवीस पूर्णांक पाच. बरोबर?"

"व्हय सर."

"आता जबडे मिटलेला फोटो. रिकाम्या मापानं शून्य दाखवायला हवं, त्यात जो फरक पडतो ती शून्य त्रुटी. कितवी रेघ जुळलीय?"

"सातवी."

"सात दशांश. चोवीस पूर्णांक पाचातून वजा कर. किती?"

 त्यानं नुसतं बोट फोटोवर ठेवलं. सातव्या रेघेवर नाही, सरकत्या पट्टीच्या शून्यावर. ते शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडं होतं.

डावीकडं.

जबडे झिजलेले, म्हणून मिटताना ते जास्त आत जायचे आणि सरकतं शून्य मागं पडायचं. अशा वेळी जुळलेली रेघ सरळ वाचायची नसते. दहातून सात गेले तीन. त्रुटी उणे तीन दशांश. आणि उणे त्रुटी वजा करायची म्हणजे मिळवायची. चोवीस पूर्णांक पाच अधिक तीन दशांश. चोवीस पूर्णांक आठ. हे मीच ऑगस्टमध्ये शिकवलं होतं. फळ्यावर शून्य डावीकडं काढून, त्याला दोन डोळे काढून, "हे मागं बघतंय, ह्याला पुढं ढकला" असं म्हणून मुलांना हसवलंही होतं.

कानाच्या मागून एक थेंब निघाला आणि मणक्यावरून खाली गेला. त्याचा सगळा प्रवास मला आजही आठवतो.

"तू जरा बाहेर थांब," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. "मी... बघतो."

तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. विज्ञानाच्या शिक्षकानं प्रयोगाच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायची ती शाळेच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी. सत्तावीस पेपर काढले. नऊ जणांनी चोवीस पूर्णांक आठ लिहिलं होतं, नीट पायऱ्यांसह, दहातून सात वजा करून. नऊच्या नऊ नापास. अकरा जणांनी तेवीस पूर्णांक आठ लिहिलं होतं. म्हणजे माझीच चूक माझ्यासारखीच केली होती, आणि मी त्यांना शाबासकी देऊन पास केलं होतं. राहिलेल्या सात जणांची उत्तरं कुठल्याच हिशोबात बसत नव्हती. त्यातल्या एकानं सळईची जाडी अडीचशे मिलिमीटर लिहिली होती. त्या क्षणी तोसुद्धा मला माझ्यापेक्षा बरा वाटला, निदान तो कुणाला नापास करत नव्हता.

आता खरं सांगायचं तर पुढच्या पाऊण तासात माझ्या मनात जे विचार आले त्यांतला एकही मुलांविषयी नव्हता. मुख्याध्यापक. जून महिना. सही. "उम्दा आहे" म्हणणारा तो खालचा आवाज आणखी खाली जाऊन काय म्हणेल? आणि त्याहून वाईट म्हणजे, मी चूक कबूल केली की पास होणार कोण? चाचांचा मुलगा. फोटो कुणी काढले? चाचांनी. परीक्षेआधी ते फोटो कुठं वाळत होते? चाचांच्या घरी. शहरात कुठंही उभं राहून ही गोष्ट कुणाला सांगितली असती तरी ऐकणाऱ्यानं डोळा मारला असता.

मी दोन्ही फोटोंचा तो पुठ्ठा शर्टाच्या आत सरकवला. का, ते मला माहीत नव्हतं. तो नसला तर कुणाला काय कळणार, असं काहीतरी असावं. मग आणखी एक नामी विचार आला, की फोटोच चुकला असेल. चाचांनी ठेवताना काहीतरी हलवलं असेल. सळई खरोखरच तेवीस पूर्णांक आठ असेल! ती सळई माझ्या कपाटात होती. तिची खरी जाडी कुणी सांगितली तर?

ती सांगू शकेल असा एकच माणूस होता, बसस्टँडमागचा इंजन दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्याकडं लाकडी डबीत जपलेला मायक्रोमीटर होता. मी सळई धोतरात गुंडाळली आणि मागच्या फाटकानं निघालो. दारात तो पोरगा तसाच उभा होता. त्याच्याकडं न बघता पुढं गेलो.

मिस्त्री एका उघड्या इंजनाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. बेंबळीच्या कुणा शेतकऱ्याचं इंजन. शेतकरी शेजारी उकिडवा बसून दवाखान्यात बसल्यासारखा बघत होता.

"मास्तर? आज शाळेला सुट्टी?"

"एवढी सळई मोजून द्या. तातडीचं आहे."

"चोरीची हाय का काय? घाम किती आलाय तुमाला."

त्यानं हात पुसले, डबी उघडली. मी सळई पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. आधी मायक्रोमीटरचं तोंड फडक्यानं पुसलं, हळूहळू मिटवलं, टकटक आवाज होईपर्यंत, आणि डोळ्यासमोर धरलं.

"अहो, सळई इकडं आहे," मी म्हणालो.

"दम धरा की. आदी मिटवून बगायचं. हा रिकाम्या तोंडानं बी एक रेघ जादा दावतो. एक शतांश. मागनं वजा करायची." मग सळई धरली, मिटवलं, टकटक. "दांड्यावर साडेचोवीस उघडी. फिरत्यावर तीस. एक रेघ शतांशाची, म्हंजी तीस शतांश. झालं चोवीस पूर्णांक ऐंशी. त्यातनं आपला एक जादाचा काडला. चोवीस पूर्णांक एकोणऐंशी." त्यानं माझ्याकडं बघितलं. "का हो, किती पायजे व्हतं?"

चोवीस पूर्णांक एकोणऐंशी. माझ्या कॅलिपरच्या दशांशाच्या मापानं ते चोवीस पूर्णांक आठच. फोटो बरोबर होता, चाचा बरोबर होते, नऊ पोरं बरोबर होती. बस पकडून लातूरला मावशीकडं जावं असं एकदा प्रामाणिकपणे मनात आलं. स्टँड तर समोरच होता.

पण समोर आमच्या शाळेचा शिपाईही दिसला. बाराच्या गाडीचं तिकीट आधीच काढून परत निघाला होता. मला बघून हसला. "सर, साडेधाला हेडसाहेब पाकीट बंद करणार हायेत. चला की, एकाच वाटंनं जाऊ."

त्या वाटेवर तो त्याच्या म्हशीविषयी बोलत होता एवढंच आठवतं. सळई मी मिस्त्रीच्या फळीवरच विसरलो होतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पाकीट टेबलावर होतं, लाखेची कांडी शेजारी. मी आत शिरलो. शिपाई दारात बसला.

"साहेब, एक..."

"बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो. शर्टातून पुठ्ठा काढला. तो घामानं एका कोपऱ्यात फुगला होता. सांगितलं. सगळं एका दमात, उलटसुलट. मधेच 'सातवी रेघ' इतक्या वेळा म्हणालो की शिपायानं आत डोकावून बघितलं.

त्यांनी भिंग घेतलं, पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला, कागदाच्या कोपऱ्यावर तीन आकडे मांडले. मग भिंग ठेवलं. आवाज इतका खाली होता की मला पुढं वाकावं लागलं.

"फोटो कुणी काढले होते?"

"त्याच... त्या मुलाच्या वडिलांनी."

"परीक्षेआधी घरात होते?"

"हो."

"हूं."

 त्यांनी शिपायाला सांगितलं, "त्या मुलाला बोलवा. आणि कपाटातला कॅलिपर आणा."

 मुलाचा हात थरथरला, एक रेघ इकडची तिकडं झाली, तर त्याचं नाव कायमचं खोटं ठरणार होतं, आणि ते माझ्यामुळं. त्या सकाळी पहिल्यांदाच मी माझ्या जूनच्या सहीखेरीज कशाला तरी भ्यालो.

मुलगा आला. मुख्याध्यापकांनी खिशातलं फाउंटन पेन काढून टेबलावर ठेवलं. "टोपण मोजा. सगळ्यात जाड कुठं आहे तिथं."

हे पेन कुणीच कधी मोजलेलं नव्हतं. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. मुलानं कॅलिपर घेतला. माझी नजर त्याच्या अंगठ्यावर खिळली होती. त्यानं पेनाला हातसुद्धा लावला नाही. आधी जबडे मिटवले, उजेडाकडं वळला, डोळा रेघांच्या बरोबर समोर आणला.

"सातवी जुळतीय. शून्य मागं हाय. उणे तीन."

मग पेन धरलं. बराच वेळ. मी देवाचं नाव घेतलं, तेही उलटं आलं.

"तेराच्या पुढं, चौथी रेघ. तेरा पूर्णांक चार. तीन मिळवून तेरा पूर्णांक सात."

मुख्याध्यापकांनी त्याच्या हातातून कॅलिपर घेतला, स्वतः बघितलं. त्यांनीही आधी जबडे मिटवले. मग पेन. मान हलवली.

"जा, वर्गात बसा. फॉर्ममध्ये विज्ञान आहे."

मुलगा 'जी' म्हणाला आणि एवढ्या जोरात पळाला की व्हरांड्यातली घंटा हलली.

मला वाटलं, सुटलो. मग ते माझ्याकडं वळले. "नऊ नावं वर घ्या. आणि ते अकरा?"

 त्या अकरांचा मी विचारच केला नव्हता. चोख न्याय करायचा तर ते आता नापास होते.

"त्यांनी मास्तरांसारखं उत्तर लिहिलं," ते कुजबुजले. "मास्तर नापास झाल्याशिवाय त्यांना कसं करायचं? राहू द्या यादीत. परीक्षेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर एक तास तुम्ही त्यांना घेऊन बसा. कॅलिपर मिटवा, उघडा, मिटवा. एकही चुकला तर तुम्ही माझ्याकडं यायचं. आता नवी यादी लिहा. तुमच्या हातानं. खाली लिहा, शिक्षकाच्या चुकीमुळं दुरुस्ती. आणि हेच फळ्यावर लावा."

"साहेब, जून..."

"जून जूनमध्ये बघू."

बाराला वीस कमी असताना लाख लागली. शिपाई पाकीट छातीशी धरून धावला. मी फळ्यावर कागद लावला आणि तो वाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यात उभं राहण्याची शिक्षा मीच स्वतःला दिली. कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

दुपारी सळई आणायला मिस्त्रीकडं गेलो. इंजन लागलं होतं, ठकठक चालत होतं, बेंबळीचा शेतकरी त्याच्याकडं पोटच्या पोराकडं बघावं तसं बघत होता. मिस्त्रीनं सळई दिली आणि विचारलं, काय भानगड होती. मी सांगितली. इतका घाबरलो होतो की सगळीच सांगितली, शर्टातल्या पुठ्ठ्यासकट.

तो हसला नाही. शेतकऱ्याकडं बघितलं, इंजनाकडं बघितलं, आणि हात पुसत म्हणाला,

"मास्तर, पोरं गरीब असत्यात, तुमाला सर सर म्हणत गप बसली. ह्या इंजनाला असं मोजलं असतं ना, तर त्यानं पयल्याच झटक्याला तुमाला कळिवलं असतं तुमी किती शिकलाय ते."